नमुना चुकीच्या जागी सापडतो तेव्हा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची खूण-शोध प्रणाली वापरणाऱ्या ग्राहकांकडून एक तक्रार वारंवार येते. सर्किट बोर्डावरील खूण स्पष्ट दिसत असूनही प्रणाली शेजारच्या चकाकणाऱ्या रिकाम्या भागावर बोट ठेवते आणि गुणांक मात्र ०.९ च्या आसपास दाखवते. कॅमेरा बिघडला असावा किंवा नमुना नीट कापला गेला नसावा, असा ग्राहकांचा समज होतो आणि नमुना पुन्हा पुन्हा कापण्यात अर्धा दिवस जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जुळणीची पद्धत बदललेली असते. ती बदलल्याने नेमके काय बिघडते, हे खालील आकड्यांवरून पडताळून पाहावे.

समजा, नमुना केवळ चार पिक्सेलांचा आहे: वरच्या ओळीत २० आणि ६०, खालच्या ओळीत ६० आणि २०. साध्या कोरिलेशनमध्ये हा नमुना चित्रावर एकेका पिक्सेलने सरकवला जातो आणि प्रत्येक जागी समोरासमोरच्या पिक्सेलांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घेतली जाते. नमुना स्वतःवरच ठेवला तर ही बेरीज ८,००० येते. आता तोच नमुना सर्व पिक्सेल २०० असलेल्या, काहीही न छापलेल्या उजळ भागावर ठेवला, तर बेरीज ३२,००० येते; म्हणजे अचूक जुळणीच्या चौपट. उलट खरी खूण सावलीत जाऊन तिचे पिक्सेल १०, ३०, ३०, १० झाले, तर बेरीज ४,००० वर घसरते. यात गणिताची चूक काहीच नाही. ही बेरीज आकृती किती जुळते यासोबतच त्या जागी उजेड किती आहे हेही मोजते, आणि उजेडाचा वाटा सहसा मोठा असतो. म्हणूनच साध्या कोरिलेशनचा निकाल-नकाशा, म्हणजे प्रत्येक जागी आलेल्या बेरजांचे चित्र, उघडून पाहिला, तर तो मूळ चित्राच्याच धूसर प्रतीसारखा दिसतो. नकाशा असा दिसला, तर नमुन्याला हात लावण्याआधी पद्धत तपासावी.

इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. वेळ खाणारी चूक याच्या पुढच्या पायरीवर होते. नमुन्याखाली येणाऱ्या चित्राच्या तुकड्याला खिडकी म्हणू. गुणाकारांची बेरीज नमुन्याच्या आणि त्या खिडकीच्या लांबीने, म्हणजे प्रत्येकाच्या पिक्सेल-वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने, भागली की काम झाले असे वाटते. ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या लायब्ररीमध्ये `TM_CCORR_NORMED` नेमके हेच करते आणि पर्यायांच्या यादीत ते नजरेत भरते. या भागाकाराने सावलीतील खूण खरोखरच सुधारते. तिचा गुणांक १ येतो. परंतु २०० च्या रिकाम्या भागाचा गुणांकही ०.८९ येतो. त्यातच परावर्तित प्रकाशामुळे खऱ्या खुणेच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये १०० ची भर पडून ते १२०, १६०, १६०, १२० झाले, तर तिचा गुणांक ०.९५ पर्यंत उतरतो. इतकेच नव्हे, नमुन्याच्या अगदी उलट आकृतीवर तीच १०० ची भर पडली, तर तिलाही ०.८२ मिळतात. खरी खूण, कोरी जागा आणि उलटी खूण या तिघी ०.८२ ते ०.९५ या अरुंद पट्ट्यात येऊन बसल्या, तर कोणताही थ्रेशोल्ड फार काळ टिकत नाही. सकाळी बसवलेला थ्रेशोल्ड संध्याकाळी बदलावा लागतो, तो यामुळेच.

उपाय असा की भागाकाराआधी नमुन्यातून नमुन्याची सरासरी आणि प्रत्येक खिडकीतून त्याच खिडकीची सरासरी वजा करावी. आपल्या नमुन्याची सरासरी ४० आहे, म्हणून तो −२०, २०, २०, −२० असा उरतो. १०० ची भर पडलेल्या खुणेची सरासरी १४०. तीही वजाबाकीनंतर −२०, २०, २०, −२० अशीच उरते आणि गुणांक १ येतो. सावलीतील खुणेलाही १ मिळतो, तर उलट आकृतीला −१. उजेड ठरावीक पटीने वाढला वा घटला, किंवा त्यात ठरावीक भर पडली, तरी गुणांक हलत नाही. आमची प्रणाली हीच पद्धत मूळ सेटिंग म्हणून देते:

```python
res = cv2.matchTemplate(img, tmpl, cv2.TM_CCOEFF_NORMED)
_, score, _, loc = cv2.minMaxLoc(res)
```

संपूर्ण चित्राची एकच सरासरी वजा करणे, किंवा आधी संपूर्ण चित्राचा उजेड सारखा करून घेणे, हा याला पर्याय नाही. बोर्डाच्या एका कोपऱ्यावर दिव्याचा झोत आणि दुसऱ्यावर सावली असेल, तर दोन्ही ठिकाणी लागू पडेल अशी एक सरासरी अस्तित्वातच नसते.

ही पद्धत संथ आहे, असे सांगून काही ग्राहक साध्या कोरिलेशनकडे वळतात. ही शंका रास्त आहे, परंतु फरक वाटतो तितका नाही. नमुन्यातून सरासरी एकदाच वजा केली की गुणाकारांच्या बेरजेतून खिडकीची सरासरी आपोआप गळून जाते, त्यामुळे जड काम दोन्ही पद्धतींत सारखेच राहते. उरते ते प्रत्येक खिडकीची सरासरी आणि विचलन काढणे. जे. पी. लुईस यांनी १९९५ मध्ये दाखवल्याप्रमाणे, चित्राच्या आणि त्याच्या वर्गाच्या चालत्या बेरजांचे तक्ते एकदा तयार केले की हे काम नमुना कितीही मोठा असला तरी प्रत्येक जागी मोजक्या बेरजा-वजाबाक्यांत होते. आम्ही हे तक्ते वापरतो आणि वेग हवा असल्यास शोधाचे क्षेत्र लहान करण्याचा सल्ला देतो. पद्धत बदलण्याचा नव्हे.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. पूर्ण सपाट भागात विचलन शून्य असते आणि शून्याने भागता येत नाही. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या गोंगाटामुळे तिथे १९९, २०१, २०१, १९९ असे पिक्सेल आले, तर आपल्या चार पिक्सेलांच्या नमुन्याशी गुणांक थेट १ येईल, कारण भागाकार क्षुल्लक फरकालाही पूर्ण आकाराचा करून टाकतो. ४० × ४० च्या नमुन्यात असे योगायोगाने येणारे गुणांक सुमारे ०.०२५ च्या घरात राहतात. ५ × ५ च्या नमुन्यात मात्र ते ०.२ च्या घरात जातात. म्हणून फार लहान नमुने देऊ नयेत. शिवाय ज्या खिडकीचे विचलन ठरावीक मर्यादेखाली आहे, ती आमची प्रणाली विचारातच घेत नाही; ही मर्यादा कृपया शून्यावर आणू नये. पांढरा झालेला, २५५ वर अडकलेला भाग कोणत्याही वजाबाकीने परत मिळत नाही; तिथे एक्स्पोजरच कमी करावे लागते. सावलीची कडा खुणेच्या मधून जात असेल, तर खुणेच्या दोन भागांचा उजेड वेगवेगळ्या प्रमाणात बदलतो आणि गुणांक घसरतो. अशा ठिकाणी खुणेभोवतीची मोकळी जागा कमी करून घट्ट कापलेला नमुना अधिक चांगला चालतो. खूण फिरलेली वा लहान-मोठी झालेली असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी निरनिराळ्या कोनांचे आणि आकारांचे नमुने लागतात, आणि ते आम्ही करून देतो.

चुकीची जागा सापडल्यास प्रथम सेटिंगमधील पद्धत `TM_CCOEFF_NORMED` आहे याची खात्री करावी. तरीही अडचण राहिल्यास मूळ चित्र, नमुना आणि निकाल-नकाशा अशा तीन फायली पीएनजी स्वरूपात पाठवाव्यात. चित्राचा उजेड वा कॉन्ट्रास्ट वाढवून पाठवू नये, कारण त्यात २५५ वर अडकलेले पिक्सेल कॅमेऱ्यातच अडकले की नंतर, हे आम्हाला ओळखता येत नाही. चित्रे पाहून दिव्याची जागा, एक्स्पोजर आणि थ्रेशोल्ड सुचवणे हा वार्षिक देखभालीचाच भाग असून त्यासाठी वेगळे शुल्क नाही.