नाचणीच्या बिस्किटात नाचणी किती? पुडा उलटा करून बघा

आमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दुसऱ्या दुकानातला बिस्किटांचा पुडा आणून ठेवतं आणि विचारतं, "ही पण नाचणीचीच आहेत की. मग तुमची एवढी महाग का?" प्रश्न रास्त आहे. दर वेळी तोंडी उत्तर देताना मागे रांग वाढते, म्हणून हे पत्रक. यात आमच्या मालाची जाहिरात कमी आणि पुडा वाचायची रीत जास्त आहे. ती एकदा कळली की कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल, आमच्याकडेसुद्धा.

पुड्याच्या पुढच्या बाजूवर कणसाचं चित्र असतं आणि 'रागी' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. ते बघून पुडा उलटा करा आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी शोधा. माल तयार करताना जो घटक वजनाने सगळ्यात जास्त घातला तो यादीत पहिला, त्याहून कमी तो दुसरा, असा क्रम लावणं कायद्याने बंधनकारक आहे. दुसरा नियम याहून कामाचा आहे. एखादा घटक नावात, शब्दांत किंवा चित्रात ठळक दाखवला असेल, तर तो किती टक्के आहे हे छापावं लागतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत हे आहे. म्हणजे पुढे 'रागी' लिहिलं की मागे कंसात टक्का हवाच.

यादी बहुतेक वेळा इंग्रजीत असते, तेव्हा नावांची ओळख हवी. नाचणी, म्हणजे आमच्या नाशिककडच्या गिऱ्हाइकांची नागली, 'रागी' किंवा 'फिंगर मिलेट' या नावाने येते. ज्वारीला 'सोरघम' किंवा 'जोवार' म्हणतात, बाजरीला 'पर्ल मिलेट' आणि राळ्याला 'फॉक्सटेल मिलेट'. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. नुसतं 'व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' लिहिलं असेल तर तोही गहूच. 'मैदा नाही' असं ठळक छापलेल्या पुड्यातही निम्म्याहून जास्त गहू असू शकतो, आणि तसं छापणं खोटंही ठरत नाही.

एक पुडा, सरळ हिशेब

समजा पुडा १५० ग्रॅमचा आहे, आत वीस बिस्किटं आहेत आणि यादी अशी आहे: मैदा, साखर, पाम तेल, नाचणीचं पीठ (१२%), दूध पावडर, इन्व्हर्ट सिरप, फुगवण्याचे सोडे, मीठ, रंग. १५० चे १२ टक्के म्हणजे १८ ग्रॅम. अख्ख्या पुड्यात नाचणी एवढीच. आमच्या घरी मध्यम आकाराच्या एका भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे पुडा संपवला तरी अर्ध्या भाकरीइतकी नाचणी पोटात गेलेली नसते. एका बिस्किटात ती एक ग्रॅमही भरत नाही.

आता मूल चार बिस्किटं खातं असं धरू. म्हणजे ३० ग्रॅम बिस्किटं झाली आणि त्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास नाचणी आली. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर त्याच चार बिस्किटांतून साडेसहा ग्रॅम साखर गेली, नाचणीच्या जवळपास दुप्पट. नाचणी लोक घेतात ती मुख्यतः कॅल्शियमसाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे आणि मैद्यात जेमतेम २०. ही तफावत खरोखर मोठी आहे. पण साडेतीन ग्रॅम नाचणीतून मिळतं ते १३ मिलिग्रॅम. त्यापेक्षा अर्धा कप दूध कितीतरी जास्त देतं.

टक्काच छापलेला नसेल तर

नियम असूनही असे पुडे हाती येतात. तेव्हाही नाचणी जास्तीत जास्त किती असू शकेल हे काढता येतं, आणि त्याला कागद-पेन्सिलसुद्धा लागत नाही.

पहिली युक्ती क्रमाची. नाचणी यादीत चौथी असेल तर तिच्या आधीचे तिन्ही घटक तिच्याइतके तरी असणारच. चौघांत शंभर वाटले की तिच्या वाट्याला २५ टक्क्यांहून जास्त येऊच शकत नाही. पाचवी असेल तर २० टक्के. प्रत्यक्षात ती बरीच कमी असते, कारण पहिला घटक मोठा वाटा खातो.

दुसरी युक्ती आम्हाला जास्त आवडते. यादीतली साखर, तेल आणि मीठ या तीन खुणा समजा, कारण यांचे आकडे पोषणाच्या तक्त्यात द्यावेच लागतात. नाचणी साखरेच्या नंतर आली असेल, तर 'अॅडेड शुगर' समोर जो आकडा आहे त्याहून ती जास्त नाही. ती तेलाच्याही नंतर असेल, तर 'टोटल फॅट'चा आकडा ही तिची मर्यादा. वर दिलेल्या पुड्यात फॅट १८ असेल, तर कंसातला टक्का वाचला नसतानाही नाचणी १८ च्या आतच असणार हे कळलं असतं.

मिठाची खूण सगळ्यात बोलकी. 'मल्टी-मिलेट' नावाच्या एखाद्या बिस्किटाची यादी अशी दिसते: मैदा, साखर, तेल, स्टार्च, मीठ, मिलेट मिश्रण (ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा). चार धान्यं एकदम वाचून भारी वाटतं. पण मिश्रण मिठाच्या नंतर आलं आहे. तक्त्यात मीठ सोडियम म्हणून लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. सोडियम ३२० मिलिग्रॅम असेल तर मीठ ८०० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या थोडं वर, आणि त्यातलाही काही सोडियम सोड्यातून आलेला असतो. तर १०० ग्रॅम बिस्किटांत चारही धान्यं मिळून एक ग्रॅमसुद्धा नाहीत. आम्ही याला 'कणसाचा फोटो दाखवून आणलेलं पीठ' म्हणतो.

मिश्रणाचा टक्का दिलेला असला तरी एक गोम असते. 'मल्टीग्रेन मिश्रण २०%' असं लिहून पुढे कंसात गहू, ओट्स, ज्वारी, सोया अशी नावं येतात. २० टक्के सगळ्यांचे मिळून आहेत. त्यात ज्वारीचा वाटा ४० टक्के असेल, तर पूर्ण मालात ज्वारी ८ टक्केच.

रंगावर मात्र विसंबू नका. गडद तपकिरी बिस्किट म्हणजे भरपूर नाचणी असं नाही. कोको पावडर किंवा कॅरॅमल रंग थोडासा घातला की मैदाही नाचणीसारखा दिसतो. कॅरॅमल रंग यादीत १५०ए, १५०सी, १५०डी अशा आकड्यांनी लिहिलेला असतो. खऱ्या नाचणीचं बिस्किट मोडून बघितलं, तर आत तांबूस ठिपके दिसतात, कारण नाचणी सालीसकट दळली जाते.

ज्वारीच्या नूडल्सचं दुखणं वेगळं आहे

भाकरी थापणाऱ्याला हे सांगायला नको. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, विरी गेलेलं पीठ असेल तर भाकरी काठाला चिरतेच. गव्हातलं ग्लुटेन कणकेला ताण देतं, म्हणून मैद्याची लांब पट्टी लाटून नूडल कापता येते. नुसत्या ज्वारीची तशी पट्टी होत नाही. मग कारखानदारापुढे दोनच वाटा राहतात. एक म्हणजे गहू घालायचा. दुसरी म्हणजे पीठ वाफवून त्यातला स्टार्च चिकट करायचा आणि साच्यातून दाबून काढायचा, आपण भाकरीसाठी गरम पाण्यात उकड काढतो तसंच काहीसं. दुसऱ्या वाटेने ज्वारी ७०-८० टक्क्यांच्याही वर नेता येते, पण वेळ आणि खर्च वाढतो. बाकीचा भाग टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च आणि ग्वार गम यांनी सांधला जातो.

नूडल्सच्या पुड्यावर टक्का कशाचा हे बघायला विसरू नका. मसाल्याची पुडी वेगळी असते आणि तिची घटकांची यादीही वेगळी असते, म्हणून ज्वारीचा टक्का बऱ्याचदा फक्त नूडलच्या वडीवर काढलेला असतो. ७० ग्रॅमच्या पुड्यात वडी ६२ ग्रॅम आणि ज्वारी २५ टक्के असेल, तर ज्वारी साडेपंधरा ग्रॅम. ७० वर हिशेब केला तर साडेसतरा निघेल. फरक लहान आहे, पण तो नेहमी एकाच बाजूला झुकतो.

घरी करायची खूण सांगतो, पक्की चाचणी नव्हे. जास्त ज्वारीची नूडल शिजताना पाणी दाट, पिठूळ होतं आणि एक धागा दोन बोटांत ताणला तर तो लगेच तुटतो. मैद्याची नूडल रबरासारखी ताणली जाते. गम जास्त घातला असेल तर ही खूण फसवते.

ग्लुटेन चालत नसेल तर टक्क्यांच्या मागे लागू नका. यादीच्या खाली 'कंटेन्स व्हीट' ही अॅलर्जीची ओळ असेल तर पुडा परत ठेवा, मग ज्वारी ९० टक्के का असेना. 'ग्लुटेन फ्री' असा शिक्का लावायला मालात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. तो शिक्का नसलेला पुडा नुसत्या 'मिलेट' शब्दावर घेऊ नका. आमचाही नाही, कारण आमच्या गिरणीत गहू दळला जातो.

आणि आमचं काय?

आमच्या नाचणीच्या बिस्किटात नाचणी ४५ टक्के आहे, बाकी कणीक, गूळ आणि लोणी. सुरुवातीला आम्ही ६० टक्क्यांवर गेलो होतो. चव छान होती, पण पुडा घरी पोचेपर्यंत निम्मी बिस्किटं भुगा व्हायची आणि लोक वाटीभर चुरा परत आणून दाखवायचे. तेव्हा खाली आलो. ज्वारीच्या शेवया ७० टक्के ज्वारीच्या आहेत आणि उरलेला गहू आहे. सगळीच्या सगळी ज्वारी हवी असेल, तर शेवयांऐवजी पीठच न्या.

किंमत ताडून बघायची असेल तर पुड्याच्या किमतीवर नको, नाचणीच्या ग्रॅमवर बघा. वरचा १५० ग्रॅमचा पुडा ४० रुपयांना असेल, तर १८ ग्रॅम नाचणीसाठी ४० रुपये गेले. ४५ टक्क्यांच्या तेवढ्याच पुड्यात साडेसदुसष्ट ग्रॅम येते. तुमच्या घरातला कुठलाही पुडा घेऊन या. काउंटरवर वजनकाटा आहे, नाचणी वजन करून वाटीत काढून दाखवतो. दुपारी दोन ते चार या वेळेत या, तेव्हा गर्दी नसते.