ड्रोन फुटेजच्या कडेला आलेले पंखे आणि लँडिंग गिअर पुसणं

ड्रोनने काढलेल्या शॉटमध्ये फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात पंख्याचं टोक किंवा कडेला लँडिंग गिअरचा पाय डोकावतो, तो एडिटिंगमध्ये त्याच शॉटमधली स्वच्छ पिक्सेल्स वापरून झाकायच्या कामाला क्लोन आऊट करणं किंवा नुसतं पेंट आऊट म्हणतात. काम छोटं वाटतं पण नीट झालं नाही तर पंख्यापेक्षा पॅचच जास्त डोळ्यात खुपतो.

पंखे दिसतात ते बहुतेक वेळा जोरात पुढे जाताना किंवा समोरून वारा असताना. ड्रोन पुढे जायला नाक खाली झुकवतो, गिंबल मात्र कॅमेरा क्षितिजाला सरळ धरून ठेवतो, म्हणजे बॉडीच्या हिशोबाने कॅमेरा वर बघायला लागतो आणि पुढचे दोन पंखे वरच्या कोपऱ्यांमधून आत येतात. लेन्स जितकी वाइड तितका त्रास जास्त, आणि कॅमेरा थोडा खाली झुकवून उडवलं तर बऱ्याचदा प्रश्नच येत नाही.

पुसायला बसण्याआधी पंखा कसा रेकॉर्ड झालाय ते एकेक फ्रेम पुढे नेऊन बघायचं, कारण उपाय त्याच्यावरच ठरतो. समजा पंखा मिनिटाला 6000 फेरे मारतोय, म्हणजे सेकंदाला 100. शटर 1/50 असेल तर एका फ्रेममध्ये तो पूर्ण दोन फेरे मारतो आणि कोपऱ्यात फक्त राखाडी, अर्धपारदर्शक पडदा दिसतो जो जवळपास सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी असतो. शटर 1/800 असेल तर तेवढ्या वेळात पातं फक्त 45 अंश फिरतं, मग ते गडद आणि ठळक येतं, एका फ्रेममध्ये आहे, पुढच्या फ्रेममध्ये नाही, परत आहे. सेन्सर फ्रेम एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, त्या रोलिंग शटरमुळे ते वाकडं किंवा तुटक पण दिसू शकतं, त्यामुळे मास्क, म्हणजे दुरुस्ती जिथे लागू करायची ती चौकट, पात्याच्या खऱ्या आकारावर काढायच्या भानगडीत पडू नये, जिथे जिथे ते पोचतं तो सगळा भाग घ्यायचा. पंखा लेन्सच्या इतका जवळ असतो की आउट ऑफ फोकस असतो, त्याची धूसर कडा दिसते त्याच्याही बाहेर पसरलेली असते, म्हणून मास्क थोडा मोठा आणि त्याची कड मऊ करणारा फेदर भरपूर.

एक उदाहरण घेऊ. 3840 बाय 2160 चा, 25 फ्रेम्सचा 8 सेकंदांचा शॉट, ड्रोन डोंगराच्या दिशेने वेगाने जातोय, वर मोकळं आकाश, आणि 90 ते 140 या फ्रेम्समध्ये डाव्या कोपऱ्यात वरून 70 पिक्सेलपर्यंत ठळक पातं येतंय. सगळ्यात आधी क्रॉपचा हिशोब करावा: खालची कड तशीच ठेवून वरचे 70 पिक्सेल बाहेर ढकलायचे तर 2160 भागिले 2090, म्हणजे साधारण 103.35 टक्के, 104 ला काम झालं. हा झूम पूर्ण शॉटला एकसारखा द्यायचा, फक्त मधल्या 50 फ्रेम्सना देऊन कीफ्रेमने परत आणलं तर क्षितिज हलल्यासारखं वाटतं. फायनल व्हिडिओ 1080 चा असेल तर इतक्या क्रॉपने शार्पनेसला काहीच होत नाही, आणि माझ्या मते अशा वेळी क्लोनिंगला हातसुद्धा लावू नये.

पण क्रॉप चालणार नसेल, म्हणजे डोंगराचा माथा आधीच वरच्या कडेला टेकलेला असेल किंवा डिलिव्हरी पूर्ण 4के मध्ये हवी असेल, तर ठळक पात्यासाठी फार सुंदर युक्ती आहे. पातं आकाशापेक्षा गडद असतं ना, मग त्याच क्लिपच्या दोन कॉपी वर ठेवायच्या, एक फ्रेम पुढे सरकवलेली, एक मागे, दोघींचा ब्लेंड मोड लायटन करायचा आणि दोन्ही त्या कोपऱ्यापुरत्या मास्क करायच्या. प्रत्येक पिक्सेलला तिन्हींपैकी उजळ असेल ते दिसतं, म्हणजे एका तरी फ्रेममध्ये तिथे स्वच्छ आकाश असलं की पातं गायब. आफ्टर इफेक्ट्स असो की दुसरं कुठलंही लेयर असलेलं सॉफ्टवेअर, हे सगळीकडे जमतं.

कधीकधी मात्र तरी पातं जात नाही. पंखा बरोबर 100 फेऱ्यांवर असेल तर 25 च्या फुटेजमध्ये दोन फ्रेम्सच्या मधे पूर्ण 4 फेरे होतात आणि पातं प्रत्येक वेळी त्याच जागी सापडतं, शूटिंगमध्ये गाडीचं चाक थांबल्यासारखं दिसतं तसंच. मग शेजारच्या फ्रेमचा उपयोग नाही, कॉपी 5-7 फ्रेम्स लांब सरकवून बघायची, कारण मोटरचा वेग सतत थोडा बदलत असतो आणि तेवढ्यात पातं जागा सोडतं. जितकं लांब जाल तितके ढग सरकलेले असतात, तेव्हा कॉपी ढगावर ट्रॅक करून जुळवावी लागते.

लायटनचा एक दोष आहे. तो नॉइजमधली पण उजळ बाजूच निवडतो, त्यामुळे पॅच आजूबाजूपेक्षा किंचित उजळ आणि जास्त गुळगुळीत होतो. कर्व्हने तो केसभर खाली आणायचा, वरून थोडं ग्रेन टाकायचं, आणि इफेक्ट फक्त 90 ते 140 मध्येच चालू ठेवायचा.

राखाडी पडदा असेल तर हे काही चालत नाही कारण कुठल्याच फ्रेममध्ये कोपरा स्वच्छ नसतो. तिथे शेजारचं आकाश उचलून लावायचं, पण उचलायचं ते त्याच उंचीवरून, आडवं सरकून. आकाश वर जाताना गडद होत जातं, खालचा तुकडा वर लावला की उजळ डाग पडतो. अगदी कोपऱ्यात लेन्सचं व्हिनेटिंग, म्हणजे कडेचा काळसरपणा, असेल तर तेवढी गडद छटा नंतर द्यावी लागते. आणि एकच फ्रीझ केलेला तुकडा लावू नये, त्याचं ग्रेन थिजलेलं दिसतं आणि प्ले केल्यावर तो भाग मेल्यासारखा वाटतो, तुकडा चालत्या क्लिपमधूनच घ्यावा.

लँडिंग गिअरचं गणित वेगळं, कारण त्याच्या मागे बहुधा जमीन असते. मोठ्या ड्रोनमध्ये कॅमेरा दोन पायांच्या मधे लटकतो, ड्रोन झटकन उजवीकडे वळला की गिंबल हळूहळू मागून येतो आणि तेवढा वेळ डावा पाय डाव्या कडेला दिसतो. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने असते: कॅमेरा उजवीकडे वळतोय म्हणजे चित्र डावीकडे सरकतंय, तर पायाने जे झाकलंय ते थोड्याच फ्रेम्स आधी आतल्या भागात स्वच्छ दिसलेलं असतं. ती आधीची फ्रेम घेऊन जमिनीवर ट्रॅक करायची आणि पायाच्या जागी बसवायची. ड्रोन जागच्या जागी वळत असेल तर पॅरॅलॅक्स, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या गोष्टींच्या सरकण्यातला फरक, जवळजवळ नसतो आणि तुकडा छान बसतो, पण वाइड लेन्स कडेला चित्र ताणते, म्हणून आधी लेन्स डिस्टॉर्शन काढायचं, पॅच लावायचा, मग डिस्टॉर्शन परत घालायचं. पुढे उडत उडत वळलेला शॉट असेल तर जवळची झाडं आणि लांबची जमीन वेगवेगळ्या वेगाने सरकतात, एका तुकड्यात भागत नाही, जवळचं आणि लांबचं वेगळं पॅच करावं लागतं.

ही सगळी सफाई स्टॅबिलायझेशनच्या आणि ग्रेडिंगच्या आधी करायची. स्टॅबिलायझर फ्रेम हलवतो आणि कडेला गप्प बसलेला पंखा फिरता होतो, तर कॉन्ट्रास्ट किंवा डीहेझ वाढवलं की न दिसणारा राखाडी पडदा ठसठशीत वर येतो. तपासायची पद्धत पण त्याच तत्त्वावर आहे, तात्पुरता कॉन्ट्रास्ट खूप वाढवून फक्त तो कोपरा 200 टक्क्यांवर लूपमध्ये बघायचा, पॅचची कड असेल तर लगेच कळते.

सूर्य वर किंवा समोर असताना पंख्यांची सावली लेन्सवर पडून पूर्ण फ्रेमवर पट्टे लुकलुकतात, ते मात्र क्लोन करून जात नाहीत कारण स्वच्छ भागच शिल्लक नसतो, त्याला डीफ्लिकर लागतो आणि तोही दरवेळी पुरतोच असं नाही.