छायाकृती काळी का होत नाही?

दारात उभ्या असलेल्या माणसाची काळीभोर आकृती हवी असते. फोटोत मात्र येतो मळकट राखाडी चेहरा, आणि मागचा उजेड पांढराफटक. मग बहुतेक जण फोटो आणखी गडद करून पाहतात. चेहरा काळा होतो खरा, पण काही वेळा बाहेरचं दृश्यही त्याच्यासोबत विझून जातं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतलेला प्रकाश, कमी केलं की उजळ आणि काळोखे भाग सारख्याच पटीने खाली येतात, त्यांच्यातला फरक तेवढाच राहतो. छायाकृती या फरकातूनच तयार होते, म्हणून तो आधी मोजायला हवा.

मोजायचं एकक आहे स्टॉप. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १०० आणि छिद्र एफ ८ वर ठेवा. स्पॉट मीटरिंग, म्हणजे चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्यावरचाच उजेड मोजण्याची सोय, निवडून आधी दाराबाहेरच्या उजेडावर रोखा. समजा, बाहेर ढगाळ दिवस आहे आणि मीटर १/१२५ सेकंद सांगतो. आता खोलीच्या आत, दाराकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रोखा. इथे तो १/४ सेकंद सांगतो. १/१२५, १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४ : पाच पायऱ्या, म्हणजे पाच स्टॉप. चेहऱ्यावरून बाहेरच्या तुलनेत बत्तीसपट कमी प्रकाश येतोय.

हे दोन्ही आकडे देताना मीटर एकच गोष्ट धरून चालतो. ज्यावर रोखलंय ते फोटोत मध्यम राखाडी दिसावं. संपूर्ण चौकटीची सरासरी काढणारा मीटर दार आणि अंधारी खोली यांच्यात तडजोड करून १/३० च्या आसपास थांबेल. बाहेरचा उजेड दोन स्टॉप जास्त होऊन धुऊन निघेल, आणि चेहरा मध्यम राखाडीच्या जेमतेम तीन स्टॉप खाली राहील. तेवढ्यात नाक-डोळे ओळखू येतात, सुरुवातीचा मळकटपणा तो हाच. त्याऐवजी बाहेरचं माप, १/१२५, तसंच ठेवा. बाहेरचे रंग नीट येतात, चेहरा पाच स्टॉप खाली जाऊन जवळजवळ पूर्ण काळा होतो. रंग अजून गहिरे हवे असतील तर १/२५० करा.

फरक दोन-तीन स्टॉपच निघाला तर कॅमेऱ्याची बटणं दाबून उपयोग नाही, खोली बदलावी लागेल. आतले दिवे बंद करा. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे. ती पांढरी असेल तर दारातून आलेला उजेड तिच्यावर आदळून परत चेहऱ्यावर येतो. फिकट फरशीही हेच करते. गडद पडदा किंवा चादर टांगली तरी फरक पडतो. माणसाला उंबरठ्यावर उभं करू नका, कारण तिथे बाजूने आलेला उजेड गालाची कड उजळवतो; त्याला एक-दोन पावलं आत घ्या. काच पुसायलाही विसरू नका. लेन्सवर बोटाचा डाग असेल तर उजेड पसरून काळ्यावर धुक्यासारखा पडदा चढतो.

फोनवर बाहेरच्या उजेडावर बोट टेकवून ते दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये माप तिथेच अडकून राहतं. एचडीआर बंद करता येत असेल तर करा. ती सोय वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रं जोडून काळोखे भाग उजळवते, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट.

सूर्यास्तात फरक आयताच मिळतो, चूक होते ती माप कुठून घेतलं यात. बिंबावर रोखलं तर आकाशही काळवंडतं. सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या शेजारच्या आकाशावरून माप घ्या, ते अडकवा, मग चौकट जुळवा. आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे अजिबात पाहू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

इथे बिघडतो तो आकार. जमीनही काळीच येते, त्यामुळे क्षितिजाखालचे पाय तिच्यात विरघळून जातात आणि धड अधांतरी वाटतं. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला की आकृती आकाशावर चढते. चेहरा एका बाजूला वळवला की नाक-हनुवटीची रेघ उमटते. समोरून पाहिलं तर डोकं नुसता गोळा दिसतो.

जमलं की नाही ते हिस्टोग्राममध्ये, म्हणजे काळे भाग डावीकडे आणि उजळ भाग उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखात पाहा. डावीकडे आकृतीचा उंचवटा, उजवीकडे आकाशाचा, आणि मधे रिकामी दरी हवी. दरी भरलेली असेल तर आकृतीत राखाडी शिल्लक आहे. उजवा उंचवटा काठाला चिकटला असेल तर आकाशातले रंग गेलेत. असा फोटो दिसला की थांबू नका, लगेच नवं माप घ्या. सूर्यबिंबाला क्षितिज ओलांडायला विषुववृत्ताजवळ साधारण दोनच मिनिटं लागतात.