औषधचूक अहवाल (परिचर्या)

रुग्णाला औषध देताना चूक झाली, तर ती करणाऱ्या किंवा प्रथम ओळखणाऱ्या परिचारिकेने त्याच पाळीत लिहायच्या लेखी निवेदनाला औषधचूक अहवाल म्हणतात. चुकीचे औषध, चुकीची मात्रा, चुकीचा मार्ग, चुकीची वेळ, भलत्याच रुग्णाला दिलेले औषध आणि द्यायचे राहून गेलेले औषध हे सगळे यात येते. औषध तोंडात किंवा शिरेत जाण्याआधी चूक पकडली गेली असली तरीही अहवाल लिहितात. काय घडले, ते कसे कळले, कळल्यावर काय केले आणि त्याचा रुग्णावर काय परिणाम दिसला, एवढाच त्याचा विषय असतो. चूक का झाली याचा शोध नंतर वेगळ्या चौकशीत घेतला जातो. या अहवालाने त्या चौकशीला भक्कम कच्चा माल पुरवायचा असतो.

हा अहवाल केसपेपरपेक्षा वेगळा ठेवतात. दिलेली मात्रा, रुग्णाची लक्षणे, डॉक्टरांचे आदेश आणि केलेले उपचार केसपेपरमध्ये लिहावेच लागतात, कारण पुढच्या पाळीतील परिचारिका आणि डॉक्टर त्यावरच काम करणार असतात. औषधचूक अहवाल मात्र रुग्णालयाच्या सुरक्षा विभागाकडे जातो, आणि असा अहवाल भरल्याचा उल्लेख केसपेपरमध्ये करू नये असे बहुतेक ठिकाणी शिकवले जाते. दोन्ही कागदांवरील वेळा आणि आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. ते जुळले नाहीत, तर वाचणाऱ्याचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

अहवालाची रचना समजायला इन्सुलिनच्या दसपट मात्रेचे उदाहरण चांगले आहे. डॉक्टरांनी औषधपत्रकावर साध्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनचे ४ युनिट लिहिले. आकड्याला चिकटून ‘युनिट’ या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर होते आणि त्याची वरची तोंडे जवळजवळ जुळलेली होती. परिचारिकेला ते शून्य वाटले आणि तिने ४० वाचले. ही फसगत नवी नाही. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी लागू केली, तेव्हा त्यात हे आद्याक्षरही होते, आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा असे सांगितले होते.

या प्रसंगात सकाळी ७.२५ वाजता रुग्णाची रक्तशर्करा १८६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होती. ७.३० वाजता ४० युनिट इन्सुलिन पोटाच्या त्वचेखाली दिले गेले. ७.५० वाजता परिचारिका औषधपत्रकावर सही करायला बसली, तेव्हा आदल्या दिवशीच्या रकान्यात ४ युनिट दिल्याची नोंद तिला दिसली. न्याहारी अजून आलेली नव्हती.

इथे अहवालात दोन वेळा स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात: चूक घडल्याची ७.३० आणि चूक कळल्याची ७.५०. कित्येक अहवालांत यांपैकी एकच वेळ सापडते, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी उणीव हीच आहे. त्वचेखाली दिलेले रेग्युलर इन्सुलिन साधारण अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि परिणाम सहा ते आठ तास राहतो. मात्रा मोठी असेल तर तो आणखी लांबतो. किती वेळ हातात आहे आणि धोका कोणत्या तासांत येईल, हे डॉक्टर घडल्याच्या वेळेवरूनच ठरवतात. कळल्याच्या वेळेवरून पुढची प्रत्येक कृती किती तत्परतेने झाली ते दिसते.

७.५२ ला परिचारिका रुग्णाजवळ पोचली. रुग्ण जागा होता, प्रश्नांना नीट उत्तरे देत होता, घाम किंवा थरथर नव्हती, नाडी ८४ होती आणि रक्तशर्करा १७१. या क्षणी ‘रुग्ण स्टेबल, काही त्रास नाही’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. ते वाक्य खोटे ठरत नाही, पण त्याने दिशाभूल होते. इन्सुलिनने अजून जोर धरलेलाच नसतो. म्हणून ‘स्टेबल’ या शब्दाऐवजी पाहिलेले तेवढे लिहावे आणि वेळ जोडावी: ‘७.५२ वा. रुग्ण जागा, बोलणे सुसंगत, घाम नाही, नाडी ८४, रक्तशर्करा १७१.’ असे लिहिले की सव्वा तासाने आकडा ६३ वर आला, तरी आधीची नोंद खरीच राहते.

७.५४ ला तिने डॉक्टरांना फोन केला. फोनवर तिने सांगितले ते असे: ‘सर, रेग्युलर इन्सुलिन ४ युनिट द्यायचे होते, माझ्याकडून साडेसात वाजता ४० युनिट दिले गेले. पेशंट शुद्धीवर आहे, शुगर आत्ता १७१ आहे, न्याहारी झालेली नाही. तुम्ही लगेच या आणि तोपर्यंत काय सुरू करू ते सांगा.’ डॉक्टरांनी तोंडी आदेश दिले: ग्लुकोजचे पाणी आणि न्याहारी ताबडतोब द्या, शिरेत सुई लावून १० टक्के डेक्स्ट्रोज ताशी १०० मिलिलिटर सुरू करा, दर १५ मिनिटांनी रक्तशर्करा तपासा. तिने आदेश परत वाचून दाखवले. अहवालात नुसते ‘डॉक्टरांना कळवले’ असे लिहून भागत नाही. किती वाजता, कोणत्या डॉक्टरांना, काय सांगितले, त्यांनी काय आदेश दिले आणि ते परत वाचून खात्री केली का, हे सगळे यायला हवे. रुग्णाजवळ कोणाला तरी थांबवणे, रक्तशर्करा तपासणे यांसारखी कामे परिचारिकेने आदेशाची वाट न पाहता केलेली असतात. ती स्वतःहून केली आणि बाकीची आदेशानुसार केली, हा फरकही लिहावा. नाहीतर नंतर वाचणाऱ्याला सगळे निर्णय एकाच व्यक्तीचे वाटतात.

८.०० वाजता इन्चार्ज सिस्टरला सांगितले, ८.०५ ला डेक्स्ट्रोज सुरू झाले, ८.१० ला डॉक्टर आले. रक्तशर्करा ८.०५ ला १५८, ८.२० ला १३२, ८.३५ ला १०४ आणि ८.५० ला ८२ अशी उतरत गेली. ९.०५ ला ती ६३ झाली. रुग्णाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ‘छातीत धडधडतंय’ असे तो म्हणाला. ७० च्या खाली गेलेली शर्करा ही अल्पशर्करा मानतात. डॉक्टरांच्या आदेशानुसार ९.०८ ला २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, शिरेतून दिले. ९.२० ला शर्करा १२१ झाली आणि घाम थांबला. इन्सुलिनमुळे पोटॅशियमही पेशींमध्ये ओढले जाते, म्हणून ९.१० ला त्याचा नमुना पाठवला. १२१ हा आकडा पाहून तपासणी थांबवली नाही, कारण इन्सुलिनचा जोर अजून टिपेला असणार होता. ९.४५ ला डॉक्टरांनी रुग्णाला आणि त्याच्या मुलीला झालेला प्रकार सांगितला. त्या वेळी कोण हजर होते आणि काय सांगितले, तेही अहवालात येते.

रुग्ण धोक्याबाहेर आल्यावरच अहवाल लिहायला घेतात, पण पाळी संपायच्या आत. वरच्या प्रसंगातील निवेदनाची सुरुवात अशी होईल: ‘मी ७.३० वा. रुग्णास रेग्युलर इन्सुलिन ४० युनिट त्वचेखाली दिले. औषधपत्रकावरील आदेश ४ युनिटचा आहे. मी तो ४० असा वाचला. इंजेक्शनपूर्वी दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा तपासून घेतली नाही. ७.५० वा. सही करताना आदल्या दिवशीची नोंद पाहून फरक लक्षात आला.’ या पाचही वाक्यांत कोणी काय केले ते स्पष्ट आहे. मराठीत कर्ता लपवणे फार सोपे जाते. ‘चूक झाली’, ‘जास्त मात्रा गेली’, ‘तपासणे राहून गेले’ अशी वाक्ये सहज येतात आणि त्यांत कर्ता कुठेच नसतो. ‘मी दिले’ लिहिताना हात जड होतो हे खरे, पण चौकशी करणाऱ्याला नेमके तेच वाक्य हवे असते.

‘चुकून’ हा शब्दही टाळावा, कारण तो घटना सांगत नाही, हेतूविषयी खुलासा देतो. ‘डॉक्टरांचे अक्षर वाईट आहे’ हा आरोप झाला. ‘आकडा आणि अक्षर यांत जागा नाही, मी अक्षर शून्य असे वाचले, पत्रकाची प्रत जोडली आहे’ ही माहिती झाली. ‘वॉर्डात गर्दी होती’ याऐवजी त्या वेळी किती रुग्ण होते आणि किती परिचारिका कामावर होत्या, ते आकडे द्यावेत. सहकारी परिचारिका कुठे होती हे स्वतः पाहिले असेल तरच लिहावे. कोणाकडून ऐकले असेल तर ‘अमुक परिचारिकेने सांगितले’ असे म्हणावे. दुसऱ्या पाळीतील चूक सापडली असेल, तर ज्या परिचारिकेला ती सापडली तिने आपल्याला काय आढळले तेवढेच लिहावे. कोणाचे काय चुकले असेल याचा अंदाज तिच्या निवेदनात येत नाही.

छापील नमुन्यात इजेची श्रेणी विचारलेली असते आणि तिथे अनेकांची गफलत होते. पुष्कळ ठिकाणी ए ते आय अशा नऊ श्रेणींची मोजपट्टी वापरतात. तीत डी म्हणजे इजा झाली नाही याची खात्री करायला निगराणी लागली, ई म्हणजे तात्पुरती इजा होऊन उपचार करावे लागले, आणि आय म्हणजे मृत्यू. वरचा अहवाल ८.३० ला लिहिला असता तर श्रेणी डी वाटली असती. ९.०५ नंतर ती ई झाली. म्हणून पहिली श्रेणी तात्पुरती धरावी आणि बदल झाल्यावर तारीख, वेळ व सहीसह पुरवणी जोडावी. जुन्या ओळीवर गिरवून श्रेणी बदलू नये. काही खोडायचेच असेल तर एक सरळ रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे.

इन्सुलिनची व्हायल, वापरलेली सिरिंज आणि औषधपत्रक यांना फार जपावे लागते. सिरिंज सवयीने लगेच धारदार वस्तूंच्या डब्यात टाकली जाते, आणि एकदा टाकली की ती काढता येत नाही. मग ४० युनिट खरोखर गेले की नाही, हे फक्त परिचारिकेच्या आठवणीवर राहते. अशा वेळी ‘सिरिंज टाकून दिली आहे, ४० हा आकडा माझ्या आठवणीतला आहे’ असेच लिहावे. व्हायल शिल्लक असेल तर तिच्यावरील नाव, तीव्रता आणि बॅच क्रमांक उतरवून ती इन्चार्ज सिस्टरच्या ताब्यात द्यावी, आणि कोणी कोणाला किती वाजता दिली ते अहवालात लिहावे. पोटॅशियमचा निकाल यायचा असेल तर त्याची जागा रिकामी न सोडता ‘नमुना ९.१० वा. पाठवला, निकाल बाकी’ असे लिहावे. निकाल आल्यावर तो पुरवणीत येतो.