क्रीडा शिष्यवृत्तीसाठी प्रशिक्षकाचं शिफारसपत्र : कोणी द्यायचं, काय लिहायचं, सोबत काय जोडायचं

शालेय स्पर्धांचा मोसम आटोपला की नागपुरातल्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी पालक प्रशिक्षकांना गाठतात. "सर, फॉर्म भरायचाय, एक शिफारसपत्र देऊन द्या ना." सर घाईत लेटरहेडवर चार ओळी लिहून देतात. विद्यार्थिनी मेहनती, शिस्तप्रिय, होतकरू आहे, भविष्यासाठी शुभेच्छा. खाली सही, शिक्का. निवड समितीपुढच्या गठ्ठ्यात जवळपास प्रत्येक पत्र असंच असतं, त्यामुळे अशा पत्राचा उपयोग शून्य.

आधी एक गोष्ट तपासा. पत्र सगळीकडे लागत नाही. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रमाणपत्रावरून तपासला जातो. तिथे प्रशिक्षकाच्या कौतुकाला जागा नाही. पत्राला खरं वजन असतं ते खासगी ट्रस्ट, कंपन्यांचे शिष्यवृत्ती निधी आणि काही कॉलेजांच्या क्रीडा सवलतींमध्ये. तिथे एकसारखी प्रमाणपत्रं असलेल्या मुलांमधून थोडीच निवडायची असतात. पात्रतेच्या अटी जाहिरातीत दिलेल्या असतात. साधारणपणे वयोगट, सध्या शिक्षण चालू असणं, विभाग किंवा राज्य पातळीवरची कामगिरी आणि काही ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा. यातली एक जरी अट बसत नसेल तर कितीही चांगलं पत्र अर्ज वाचवत नाही.

पत्र कोणी द्यायचं यावर बराच गोंधळ असतो. शाळेतर्फे मुलगी स्पर्धेत उतरते, म्हणून क्रीडाशिक्षकांची सही घेतली जाते. रोजचा सराव मात्र क्लबच्या सरांकडे. क्रीडाशिक्षकांनी वर्षभरात तिला दोन-तीन स्पर्धांत पाहिलेलं असतं, त्यामुळे पत्र पोकळ होतं आणि समितीने फोन केला की ते उघड होतं. माझं मत स्पष्ट आहे : रोज सराव घेणाऱ्याने पत्र लिहावं, आणि शाळेने मुलगी आपली विद्यार्थिनी असल्याचं बोनाफाइड वेगळं द्यावं. प्रशिक्षकाने आपली पात्रताही एका ओळीत सांगावी, जसं पतियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा, बी.पी.एड. किंवा इतर काही. पदविका नसेल तर किती वर्षं कुठल्या मैदानावर शिकवतो ते लिहावं, त्यात कमीपणा नाही. वडील किंवा काकाच प्रशिक्षक असतील तर नातं पत्रात सांगून टाकावं आणि दुसरं पत्र बाहेरच्या माणसाचं घ्यावं.

आता मजकूर. समजा, सतरा वर्षांखालील गटातली ४०० मीटर धावणारी मुलगी आहे. ऑक्टोबर २०२३ च्या जिल्हास्तरीय स्पर्धेत तिची वेळ ६६.८ सेकंद आणि नोव्हेंबर २०२४ च्या विभागीय स्पर्धेत ६१.९ सेकंद. तेरा महिन्यांत ४.९ सेकंद कमी, हे वाचून कोणीही खूश होईल. पण जाणकार वाचणारा लगेच दोन प्रश्न विचारतो. वेळ हाताच्या घड्याळावर घेतली की इलेक्ट्रॉनिक यंत्राने? आणि धाव मातीवर होती की सिंथेटिकवर?

हाताच्या घड्याळात पिस्तूल उडाल्यावर बटण दाबेपर्यंत थोडा उशीर होतो, म्हणून वेळ खऱ्यापेक्षा चांगली दिसते. ४०० मीटरसाठी तुलना करताना त्यात ०.१४ सेकंद मिळवतात, म्हणजे ६१.९ ला अंदाजे ६२.०४ धरायचं. फरक छोटा आहे, पण पत्रात 'हाताच्या घड्याळावर' हे दोन शब्द असले की लिहिणाऱ्याला खेळ कळतो हे दिसतं. मैदानाचा फरक मात्र मोठा असू शकतो. पहिली धाव २०० मीटरच्या मातीच्या मैदानावर झाली असेल तर तिथे वळणं जास्त आणि पकड कमी. मग ४.९ सेकंदांतला काही भाग ट्रॅकने दिलाय. प्रामाणिक प्रशिक्षक हे स्वतः सांगतो आणि एकाच ट्रॅकवरच्या दोन चाचण्यांच्या वेळा सोबत देतो. ही तुलना जास्त विश्वासार्ह ठरते, कारण त्यात ट्रॅक तोच राहतो.

पत्राचा मधला परिच्छेद असा असू शकतो :

"ही विद्यार्थिनी जून २०२३ पासून माझ्याकडे आठवड्यातून सहा दिवस सराव करते. मानकापूरच्या सिंथेटिक ट्रॅकवर घेतलेल्या चाचण्यांत तिची ४०० मीटरची वेळ (हाताच्या घड्याळावर) जानेवारी २०२४ मध्ये ६४.७ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ६२.३ सेकंद होती. तिचे पहिले २०० मीटर वेगात जातात, शेवटच्या ८० मीटरमध्ये पावलांची लांबी कमी होते. त्यावर आम्ही सध्या काम करत आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नडगीच्या दुखण्यामुळे सराव पाच आठवडे बंद होता, एप्रिलपासून नियमित आहे. शिष्यवृत्तीतून स्पाइक्स, फिजिओथेरपी आणि बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवासखर्च भागेल."

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. कमकुवत बाजू लिहिली म्हणून अर्ज घसरत नाही, उलट पुढे काय सुधारायचं ते दिसतं. दुखापत लपवू नका. बऱ्याच ठिकाणी नंतर वैद्यकीय तपासणी असते, आणि तिथे ती बाहेर आली तर सरांच्या बाकी शब्दांवरचाही विश्वास जातो. पैसे कशाला लागणार, हे मात्र बहुतेकजण विसरतात. ट्रस्टवाले नेमकं तेच शोधत असतात.

एक धोका : पत्रातले आकडे प्रमाणपत्राशी जुळायलाच हवेत. स्पर्धेचं नाव, तारीख, क्रमांक हे सगळं मूळ कागद समोर ठेवून लिहा, आठवणीवर विसंबून नको. 'सहभाग' प्रमाणपत्राला 'प्रावीण्य' म्हणणं ही नेहमीची चूक आहे आणि पडताळणीत ती हमखास सापडते. नावाचं स्पेलिंगही पाहा. आधार, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि प्रमाणपत्र यांत एका अक्षराचा फरक असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या, त्याला वेळ लागतो.

सोबतच्या कागदांत जन्मदाखला, आधार, बोनाफाइड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, स्पर्धांची प्रमाणपत्रं, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि उत्पन्नाची अट असेल तर तहसील कार्यालयाचा उत्पन्न दाखला. हा दाखला सेतू केंद्रातून मिळतो. तो शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, अर्जाच्या मोसमात तिथे रांगा लागतात. पत्रावर तारीख अलीकडची हवी, शिवाय प्रशिक्षकाचा चालू फोन नंबर. दोन वर्षांपूर्वीचंच पत्र तारीख बदलून वापरलं की आतल्या वेळा जुन्या राहतात, ते लगेच ओळखू येतं.

ऑनलाइन अर्जांत कधी कधी पत्र पालकांनी चढवायचं नसतं. प्रशिक्षकाचा ईमेल विचारतात आणि लिंक थेट त्यांना जाते. आपल्याकडचे बरेच सर ईमेल रोज उघडत नाहीत, व्हॉट्सॲपवर असतात. म्हणून फॉर्म भरल्याच्या दिवशीच त्यांना फोन करा, स्पॅममध्ये बघायला सांगा आणि लिंक किती दिवस चालू राहणार ते विचारून घ्या. मुदतीच्या आत पत्र चढलं नाही तर तुमचा बाकीचा अर्ज पूर्ण असूनही तो अपूर्णच दिसतो. सरांनी पाठवल्यावर स्क्रीनशॉट मागून घ्यायला संकोचू नका.