सपाट ओव्हरले की ग्रेडियंट? फोटोवरची पांढरी अक्षरं नेमकी कुठे हरवतात

गजबजलेल्या फोटोवर पांढरी अक्षरं टाकली आणि ती वाचता येईनात, की दोन उपाय हमखास सुचवले जातात. फोटोवर अर्धपारदर्शक काळा थर टाका, नाहीतर खालून वर विरत जाणारा काळा ग्रेडियंट टाका. दोन्हींनी फोटो गडद होतो, म्हणून बरेच जण त्यांना एकाच कामाची दोन रूपं समजतात आणि जे डोळ्यांना बरं दिसेल ते निवडतात. पण सपाट ओव्हरले सगळ्या फोटोला एकाच प्रमाणात गडद करतो, तर ग्रेडियंटमधला गडदपणा अक्षर कोणत्या उंचीवर बसलंय त्यावर ठरतो. त्यामुळे सपाट थर पुरेसा आहे का, हे एका आकड्यावरून कळतं. ग्रेडियंटचं तसं कळत नाही आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

आधी तो आकडा. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. मोठी म्हणजे २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठी. ठळक असतील तर साधारण १९ पिक्सेल पुरतात. पांढऱ्या अक्षरांपुरतं हे गणित उलटं मांडलं तर फार सोपं होतं. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर मागचा राखाडी ११८ पेक्षा उजळ असता कामा नये. मोठ्या अक्षरांसाठी ही मर्यादा १४८ आहे.

काळा थर मागच्या प्रत्येक पिक्सेलची किंमत एका प्रमाणात कमी करतो. ५० टक्के थराखाली शुभ्र २५५ चे १२८ होतात आणि कॉन्ट्रास्ट ३.९५:१ भरतो, म्हणजे थोडक्यात नापास. ५४ टक्क्यांना ११७ होतात आणि काम भागतं. फोटोत अक्षरांच्या मागे शुभ्र काही नसेल तर एवढा थर लागतही नाही. लागणारी ओपॅसिटी अशी काढायची:

```
opacity = 1 - 118 / brightest
```

इथे `brightest` म्हणजे अक्षरांच्या चौकटीतला सगळ्यात उजळ पिक्सेल. तो १८० असेल तर ३५ टक्के पुरे. सरासरी उजेड धरू नका. सरासरी ९० असलेल्या पाण्यावर २५० ची चमक असू शकते आणि वेलांटी नेमकी त्या चमकेवर येऊन बसते. आयड्रॉपरनं रंग उचलताना तो एकाच पिक्सेलचा नमुना घेतोय ना, हेही पाहा. ५×५ ची सरासरी घेणारं सेटिंग बारीक चमक गिळून टाकतं.

आता हेच ग्रेडियंटला लावून पाहू. १०८० × १०८० चं पोस्टर आहे. तळापासून ५४० पिक्सेलपर्यंत ग्रेडियंट दिलाय, खाली ८० टक्के आणि वर शून्य. मजकूर खालच्या भागात आहे: बारीक ओळ तळापासून १०० पिक्सेलवर, आणि मोठ्या मथळ्याचा वरचा काठ ३०० पिक्सेलवर. मागे शुभ्र ढग आहे असं धरू. बारीक ओळीपाशी ग्रेडियंट ६५ टक्के भरतो, ढगाचे ८९ होतात आणि कॉन्ट्रास्ट ७:१ मिळतो, गरजेपेक्षा बराच जास्त. मथळ्याच्या वरच्या काठाशी मात्र जेमतेम ३६ टक्के उरतात, ढग १६४ वर राहतो आणि कॉन्ट्रास्ट २.५:१ पर्यंत घसरतो. मोठ्या अक्षरांची सवलत धरूनही मथळा नापास. तळाशी ८० टक्के हा आकडा वाचून बनवणाऱ्याला वाटतं की भरपूर गडद केलंय. पण तो सगळा गडदपणा जिथे अक्षरं नाहीत अशा तळाच्या पट्टीत जमा झालेला असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वरही मात्रा, वेलांट्या, रफार येतात, म्हणून उंची मोजताना शिरोरेषेवर थांबून चालत नाही.

सरळ ५४ टक्क्यांचा सपाट थर टाकला असता तर दोन्ही ओळी पास झाल्या असत्या. पण मग पोस्टरभर ११७ पेक्षा उजळ काहीच उरलं नसतं आणि ज्या चेहऱ्यासाठी फोटो निवडला तोही मळकट झाला असता. फोटो नुसता पोत म्हणून मागे असेल किंवा मजकूर सगळ्या चौकटीभर पसरलेला असेल, तर मी बेधडक सपाट थर वापरेन. फोटोत बघण्यासारखं काही असेल तर नाही.

मधला मार्ग असा, की ग्रेडियंटमध्ये अक्षरांच्या पूर्ण उंचीपर्यंत सपाट पट्टा ठेवायचा आणि उतार त्याच्या वर सुरू करायचा:

```css
background-image:
  linear-gradient(to top,
    rgba(0,0,0,.55) 0,
    rgba(0,0,0,.55) 320px,
    rgba(0,0,0,.47) 400px,
    rgba(0,0,0,.08) 540px,
    rgba(0,0,0,0) 620px),
  url(photo.jpg);
```

३२० पिक्सेलपर्यंत सगळीकडे ५५ टक्के, म्हणजे शुभ्र ढगावरही ४.७:१. वरचे ४६० पिक्सेल अगदी जसेच्या तसे. मधले दोन थांबे उताराला गोलाई देण्यासाठी आहेत. ते काढून टाकले तर ३२० वर एक आडवी रेघ असल्याचा भास होतो.

वेबपानावर हे पिक्सेल फोटोला बांधले तर अरुंद पडद्यावर दोन ओळींच्या चार होतात आणि वरच्या दोन पट्ट्याबाहेर जातात. म्हणून तिथे ग्रेडियंट मजकुराच्या डब्यालाच द्यावा आणि विरण्यासाठी वर मोकळी जागा सोडावी. मजकूर वाढला की पट्टाही वाढतो.

तपासणीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मागे फोटो किंवा ग्रेडियंट असला की कॉन्ट्रास्ट आपोआप तपासणारी बरीच साधनं निर्णय देत नाहीत, 'हाताने तपासा' म्हणून सोडून देतात. त्यांच्या यादीत चूक दिसली नाही म्हणजे पास झालं असं नव्हे. फोटो एडिटरमध्ये मी मजकुराचा लेयर लपवून सगळ्यात वर थ्रेशोल्ड लेयर ठेवतो आणि तो ११८ वर आणतो. चित्र निव्वळ काळं-पांढरं होतं. अक्षरांच्या जागी पांढरा ठिपका दिसला, की तिथे अक्षर हरवणार. राखाडी छटांना हे काटेकोर लागू पडतं. भडक रंगांना अंदाजापुरतं, तिथे संशयास्पद ठिपक्याचा रंग उचलून कॉन्ट्रास्ट कॅल्क्युलेटरमध्ये घालावा.

या तपासणीत दोन चुका चटकन उघड्या पडतात. एक म्हणजे काळ्या थराचा ब्लेंड मोड 'ओव्हरले' ठेवलेला असणं. नाव फसवं आहे. या मोडमध्ये शुभ्र पिक्सेल शुभ्रच राहतो, फक्त आजूबाजूचा भाग गडद होतो. मोड नॉर्मल हवा. दुसरी म्हणजे फोटोचं एडिटिंग करणारा कर्व्ह्ज किंवा ब्राइटनेसचा लेयर काळ्या थराच्या वर राहून गेलेला असणं. तो थराखालून आलेले ११५ पुन्हा १४० वर उचलून नेतो. फोटोचं सगळं एडिटिंग थराच्या खाली असावं.

आणि आकडा पास होऊनही वाचताना त्रास होत असेल, तर अडचण उजेडाची नसून गजबजाटाची आहे. शार्पनिंगने टोकदार झालेली पानं किंवा जाळी अक्षरांच्या रेघांएवढ्याच जाडीची असली, की डोळा दोन्हींत गोंधळतो. ओपॅसिटी वाढवून यातून सुटका करायची तर फोटो जवळजवळ काळा करावा लागतो. त्यापेक्षा ग्रेडियंटच्या पट्ट्याखालचा फोटो तेवढ्याच भागात ब्लर करावा. ब्लरने चमकेचे टोकाचे पिक्सेलही शेजाऱ्यांत मिसळून मंद होतात, त्यामुळे `brightest` पुन्हा मोजला तर बऱ्याचदा ५५ ऐवजी ४० टक्क्यांतच भागतं.