प्लॅन वाढवला तरी रात्री नेट रांगतंच, असं का?

“संध्याकाळी नेट स्लो होतं? मोठा प्लॅन घ्या, लगेच सुटेल,” असा सल्ला मिळतो. पण तो इथे चालत नाही.

प्लॅनचा आकडा ही फक्त तुमच्या घरापुरती कमाल मर्यादा असते. समजा, 60 घरांना 100 एमबीपीएसचे प्लॅन आहेत आणि इमारतीत येणारी सामायिक लाइन 1000 एमबीपीएसची आहे. दुपारी मोजकीच घरं नेट वापरतात, त्यामुळे पूर्ण वेग मिळतो. रात्री 9 ला 40 घरांनी एकदम जोर लावला, तर वाट्याला साधारण 25 येतात. तुम्ही 200 चा प्लॅन घेतलात तरी ती लाइन रुंद होत नाही. एका लाइनवर अनेक घरं जोडण्यात गैर काही नाही. घरं वाढूनही लाइन तेवढीच ठेवली की बिघडतं.

आधी वायफायचा दोष वगळा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, घरातले डाउनलोड थांबवा आणि दुपारी व रात्री विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा (पहिला पत्ता तुमच्या राउटरचा टाका):

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

राउटरकडून उत्तर यायला लागणारा सरासरी वेळ दोन्ही वेळी 1-2 मिलिसेकंद राहिला आणि घराबाहेरच्या 8.8.8.8 कडून लागणारा वेळ रात्रीच 10 वरून 90 वर गेला किंवा पॅकेट हरवू लागली, तर अडचण घराबाहेर आहे. ती इमारतीच्या लाइनवर की त्यापुढे, हे मात्र यावरून कळत नाही.

म्हणून चार-पाच घरांनी एकाच वेळी आकडे घ्यावेत आणि सोसायटीमार्फत पुरवठादाराला लेखी विचारावं: सामायिक लाइन किती, रात्री ती किती भरते? तोवर मोठे अपडेट आणि बॅकअप पहाटेवर टाका.